पगार आपला, नाव मालकाचं, सवलत कोणाची?

आपल्या समाजातली पहिली-दुसरी पिढी आज पगारदार झाली आहे. पुणे, नवी मुंबई, नागपूर, औरंगाबाद इथल्या कंपन्यांत आपली मुलं-मुली इंजिनिअर आहेत, अकाउंट्समध्ये आहेत, बँकांत आहेत. घरात याआधी कोणी आयकर भरलेला नाही. त्यामुळे एप्रिल महिन्यात एचआरचा मेल येतो, 'एनपीएसमध्ये एम्प्लॉयर कॉन्ट्रिब्युशन हवं का, होय की नाही,' तेव्हा विचारायला घरात कोणी नसतं. कोणी घाबरून 'नाही' लिहितं, कोणी शेजारच्या टेबलावरचा 'होय' लिहितो म्हणून 'होय' लिहितं. दोन्ही वेळा निर्णय आपला नसतो.

आम्ही हा लेख त्या एका प्रश्नासाठी लिहितो आहोत. मालकाचा पेन्शन हिस्सा आपल्याच पगारातून काढला, तर करपात्र उत्पन्नाचं नेमकं काय होतं? आणि या व्यवस्थेत सवलत कोणाच्या दारापर्यंत पोहोचते व कोणाच्या दारात पोहोचतच नाही? खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नव्या करप्रणालीचे आहेत.

आधी भाषेतला घोळ सोडवू

'मालकाचा हिस्सा' म्हटलं की वाटतं, मालक आपल्या खिशातून काही देतो आहे. खासगी कंपनीत बहुतेक वेळा तसं नसतं. कंपनी तुम्हाला सीटीसी सांगते, म्हणजे तुमच्यावर होणारा एकूण वार्षिक खर्च. तो आकडा ठरलेला असतो. तुम्ही एनपीएसला होय म्हणालात की त्याच आकड्यातला स्पेशल अलाउन्स कमी होतो आणि तेवढीच रक्कम 'एम्प्लॉयर एनपीएस' या नावाने तुमच्या पेन्शन खात्यात जाते. सीटीसी एका रुपयानेही वाढत नाही. पैसा तुमच्या श्रमाचाच, फक्त त्यावरचं नाव बदलतं.

मग नाव बदलून मिळतं काय? आयकर कायदा १९६१ मधलं कलम ८०सीसीडी(२). मालकाने एनपीएसमध्ये भरलेली रक्कम आधी तुमच्या पगारात मोजली जाते आणि मग या कलमाखाली वजा होते. नव्या करप्रणालीत ही वजावट मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंत मिळते. २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पाने खासगी नोकरदारांसाठी ती १० वरून १४ टक्के केली. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या खासगी नोकरदाराला मात्र अजून १० टक्केच.

आता यातली मेख पाहा. हाच तरुण हातात पूर्ण पगार घेऊन, स्वतःच्या बँक खात्यातून, त्याच एनपीएस खात्यात तेवढेच पैसे भरतो, तर नव्या करप्रणालीत त्याला एक रुपयाची वजावट मिळत नाही. स्वतःच्या हाताने भरल्यावर मिळणाऱ्या ८०सीसीडी(१) आणि ८०सीसीडी(१बी) या सवलती फक्त जुन्या प्रणालीत उरल्या आहेत. पैसा तोच, खातं तेच, म्हातारपण तेच. तरीही शासन सवलत देतं ती पैसा मालकाच्या हातून गेला तरच. कष्टकऱ्याच्या बचतीला मालकाच्या नावाचा शिक्का लागल्याशिवाय किंमत नाही, असाच याचा अर्थ होतो.

एक हिशेब शेवटपर्यंत

एक तरुणी घेऊ. पीएफमधला मालकाचा हिस्सा सोडून तिचा वार्षिक पगार १३,६०,००० रुपये. त्यात मूळ पगार निम्मा, म्हणजे ६,८०,०००. महागाई भत्ता खासगी कंपनीत सहसा नसतो, तिलाही नाही.

तिने एनपीएसला नाही म्हटलं, तर १३,६०,००० मधून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाते. करपात्र उत्पन्न उरतं १२,८५,०००. पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढच्या चार लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या ८५,००० वर १५ टक्क्यांनी १२,७५०. एकूण ७२,७५०. त्यावर ४ टक्के सेस धरून ७५,६६० रुपये.

आता तिने होय म्हटलं. मूळ पगाराचे १४ टक्के म्हणजे ९५,२०० रुपये. स्पेशल अलाउन्स तेवढा कमी झाला आणि ती रक्कम एनपीएसमध्ये गेली. एकूण पगार कागदावर १३,६०,००० च राहतो, कारण मालकाचा हिस्साही पगारात धरला जातो. त्यातून ७५,००० गेले, मग ८०सीसीडी(२) चे ९५,२०० गेले. करपात्र उत्पन्न उरलं ११,८९,८००. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची सूट पूर्ण कर माफ करते. तिचा कर शून्य.

म्हणजे पेन्शन खात्यात गेले ९५,२०० आणि वाचलेला कर ७५,६६०. वर्षभरात तिच्या हातात येणारी रक्कम कमी झाली फक्त १९,५४० रुपयांनी, महिन्याला साधारण १,६३० रुपये. दरमहा १,६३० सोडून दरमहा ७,९३३ रुपये तिच्या नावावर जमा होतात. तिने न वाचता 'नाही' लिहिलं असतं तर हे पाऊण लाख रुपये दरवर्षी तिने केवळ माहिती नसल्यामुळे गमावले असते.

मात्र हा फायदा इतका मोठा दिसतो तो १४ टक्क्यांमुळे नव्हे, १२ लाखांच्या उंबरठ्यामुळे. उंबरठ्याच्या आत ६०,००० पर्यंतचा कर माफ होतो, बाहेर पाऊल पडलं की ती माफी जाते. करपात्र उत्पन्न १६ ते २० लाखांच्या टप्प्यात असेल, तर एनपीएसमध्ये गेलेल्या शंभर रुपयांमागे साधारण २१ रुपये वाचतात. तेही वाईट नाही, पण शंभरातले ऐंशी ते नव्हेत. म्हणून मित्राचा आकडा ऐकून आपला निर्णय घेऊ नका. आपला पगार उंबरठ्यापासून किती लांब आहे ते आधी मोजा.

हिशेब कुठे फसतो

पहिली जागा मूळ पगाराची. १४ टक्के एकूण पगाराचे नव्हेत, मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे. याच तरुणीचा मूळ पगार कंपनीने ३,००,००० इतकाच ठेवला असता, तर मर्यादा ४२,००० वर येते. करपात्र उत्पन्न १२,४३,००० राहतं, म्हणजे उंबरठ्याच्या बाहेर. १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न आहे त्याहून अधिक कर घ्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून तिचा कर ४३,००० वर थांबतो आणि सेस धरून ४४,७२० होतो. एकीचा कर शून्य, दुसरीचा पंचेचाळीस हजार. पगार दोघींचा सारखाच. ग्रॅच्युइटी मोजली जाते तीही मूळ पगारावर. त्यामुळे ऑफर लेटर हातात आलं की सीटीसीच्या मोठ्या आकड्याआधी मूळ पगाराची ओळ वाचायची सवय लावून घ्या. आणि एनपीएस सुरू करताना रक्कम स्पेशल अलाउन्समधूनच कमी झाली, मूळ पगारातून नाही, याची खात्री करा.

दुसरी जागा इतर उत्पन्नाची. पहिल्या हिशेबात ११,८९,८०० वर आपण थांबलो. उंबरठ्यापर्यंत जागा उरली १०,२०० रुपयांची. तिच्या मुदत ठेवीवर ३०,००० रुपये व्याज आलं असेल, तर ते उत्पन्नात धरून आकडा १२,१९,८०० होतो आणि १९,८०० रुपये कर अधिक सेस लागतो. बँकेचं व्याज करखात्याला दिसतंच. ते लपवून रिटर्न भरणाऱ्यांना पुढे नोटीस येते. व्याज आधी मोजा, मग किती जागा आहे ते ठरवा.

तिसरी जागा फॉर्म १६ ची, आणि इथे आपले शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक अधिक अडकतात. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन न देता अंशदान योजना लागू झाली आणि ती पुढे एनपीएसमध्ये गेली. तिथे कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के जमा होतात. शासनाचा हिस्सा पगारात धरायचा आणि मग 80CCD(2) या ओळीत वजा करायचा, असे दोन टप्पे आहेत. कार्यालयात दोनपैकी एकच टप्पा झाला की गोंधळ होतो. पगारात धरला पण वजा केला नाही, तर न मिळालेल्या पैशावर तुम्ही कर भरता. पगारात धरलाच नाही आणि वजा मात्र केला, तर कर कमी दिसतो आणि नंतर करखात्याचं पत्र येतं, तेव्हा कार्यालय हात वर करतं. ओळखायची खूण सोपी आहे. एनपीएस खात्याच्या वार्षिक विवरणात मालकाच्या हिश्शाची बेरीज पाहा. फॉर्म १६ मध्ये कलम १७(१) खालच्या पगारात ती धरली आहे का आणि 80CCD(2) समोर तीच रक्कम आहे का, ते जुळवा. जुळत नसेल तर रिटर्न भरण्याआधी लेखी अर्ज देऊन फॉर्म दुरुस्त करून घ्या.

बारा लाख पंचाहत्तर हजारांच्या खाली

आता ज्यांना हे कोणी सांगत नाही त्यांच्याविषयी. ज्याचा पगार १२,७५,००० पर्यंत आहे आणि दुसरं उत्पन्न नाही, त्याचा कर नव्या प्रणालीत आधीच शून्य आहे. समजा पगार ७,८०,००० आणि मूळ पगार ३,६०,०००. एनपीएसला होय म्हटलं तर ५०,४०० रुपये खात्यात जातील, महिन्याला हातात ४,२०० कमी येतील आणि वाचणारा कर असेल शून्य. शून्यातून काय वजा करणार? अशा मुलाला 'टॅक्स वाचेल' असं सांगून होय लिहायला लावणं ही फसवणूक आहे, सांगणारा एचआर असो की एजंट.

म्हातारपणाची तरतूद म्हणून त्याने एनपीएस घ्यावं का, हा वेगळा प्रश्न आहे. तो त्याच्या घरची परिस्थिती पाहून सोडवावा लागेल. एनपीएसमधला पैसा सहज निघत नाही. मधल्या काळात ठरावीक कारणांसाठी काही भाग काढता येतो, पण तो स्वतः भरलेल्या रकमेतूनच. मालकाच्या नावाने गेलेला भाग त्यात मोजत नाहीत. शेवटीही सगळी रक्कम हातात येत नाही. एका भागाची ॲन्युइटी घ्यावी लागते आणि तिच्यातून येणारी पेन्शन त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. ज्याच्या पगारावर आई-वडिलांचं औषधपाणी, बहिणीचं शिक्षण आणि गावाकडचं घर उभं आहे, त्याच्यासाठी महिन्याचे ४,२०० रुपये मोठी गोष्ट आहे. सवर्ण सहकाऱ्याच्या घरी वडिलांची पेन्शन आणि स्वतःचा फ्लॅट असतो. तो साठ वर्षांपर्यंत पैसा अडकवू शकतो, कारण त्याच्या मागे तीन पिढ्यांची शिल्लक आहे. एकाच फॉर्मवरचं 'होय' दोघांना सारखं परवडत नाही. समाजशास्त्रात याला मोठमोठी नावं आहेत, आपल्या वस्तीत ते कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आणि जिथे हाच शब्द लूट होतो

शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, दवाखान्यातल्या मावशी आहेत. त्यात आपली माणसं किती आहेत हे कोणी सांगायची गरज नाही. त्यांचं पेन्शन पीएफशी जोडलेलं आहे. त्यांना आयकर नाही, म्हणून वजावटीचा प्रश्न नाही. पण 'मालकाचा हिस्सा पगारातून' हे शब्द त्यांच्याही पगारपत्रकावर येतात, वेगळ्या अर्थाने.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल, तर कामगाराच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,८०० कापायचे असतात. तेवढेच १,८०० कंत्राटदाराने वरून भरायचे. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत आणि ५५० पीएफमध्ये जातात. विमा व प्रशासकीय आकाराचे आणखी १५० रुपयेही त्यानेच भरायचे. पगारपत्रकावरची कपात १,८०० ऐवजी ३,६०० किंवा ३,७५० दिसली, तर समजा की कंत्राटदाराने स्वतःचा वाटा कामगाराच्या ताटातून उचलला आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ चा परिच्छेद ३१ सांगतो की मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापता येणार नाही, मग करारात काहीही लिहिलेलं असो. आणि परिच्छेद ३० प्रमाणे कंत्राटी कामगारांच्या दोन्ही हिश्शांची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे महापालिकेवर किंवा दवाखान्यावरही येते. म्हणून तक्रार ईपीएफओकडे करताना तिची प्रत मुख्य मालकालाही द्या. सोबत पगारपत्रक आणि पासबुक जोडा. पासबुकात पैसे भरलेले दिसतात म्हणून गप्प बसू नका. प्रश्न ते कोणाच्या ताटातून भरले हा आहे.

आमची मागणी

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात त्यांनी विमा हा शासनाच्या मालकीचा व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असं मांडलं. त्यातला मुख्य शब्द 'प्रत्येक' हा आहे. उद्याची हमी कोणाच्या मालकाच्या मर्जीवर सोडायची नाही, ती नागरिक म्हणून मिळाली पाहिजे, हा तो विचार.

आजची व्यवस्था याच्या उलट चालते. पेन्शनच्या बचतीला करसवलत मिळते ती नोकरी कायम असेल, कंपनीने एनपीएसची सोय केली असेल, मूळ पगार भरपूर असेल आणि उत्पन्न कराच्या उंबरठ्यापलीकडे असेल तर. जेवढा वरचा पगार, तेवढी मोठी मदत. मालकाचे पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून वर्षाला साडेसात लाखांपर्यंतचे हिस्से करपात्र सुविधा म्हणून धरले जात नाहीत. साडेसात लाख ही आपल्याकडे कित्येक घरांची दोन-तीन वर्षांची कमाई आहे.

म्हणून आमच्या मागण्या दोन. नव्या करप्रणालीत माणसाने स्वतःच्या हाताने पेन्शन खात्यात भरलेल्या रकमेलाही मालकाच्या हिश्शाइतकीच वजावट द्या. आणि ज्यांच्यावर कर नाही, त्यांच्या पेन्शन खात्यात शासनाने थेट वाटा भरावा. वरच्या पगारवाल्याचा सोडलेला करही सरकारी तिजोरीतूनच जातो, मग खालच्याला देताना हात आखडता का?

मागणी मान्य होईपर्यंत हातातलं काम सोडायचं नाही. १२,७५,००० च्या थोडं वर असलेल्यांनी या वर्षीच हिशेब मांडावा. एनपीएस पगारातून जातं, त्यामुळे वर्ष संपल्यावर मागच्या तारखेने काही होत नाही. त्या रेषेखालच्यांनी कर वाचेल या आशेने सही करू नये. सरकारी नोकरीतल्यांनी फॉर्म १६ आणि एनपीएसचं विवरण शेजारी ठेवून वाचावं. आणि ज्याला हे वाचता येतं त्याने आपल्या वस्तीतल्या किमान एका कंत्राटी कामगाराचं पगारपत्रक मागून घ्यावं आणि कपातीच्या रकान्यात १,८०० आहेत की ३,६००, ते पाहावं.

जय भीम!